हप्ता घटला, कर्ज वाढले

दोन क्रेडिट कार्डांवर मिळून १ लाख ६० हजार थकले आहेत, शिवाय मोबाइल-फ्रिजसाठी घेतलेले ४० हजारांचे कर्ज. कार्डाचे व्याज महिना साडेतीन टक्के धरले, तर दरमहा ५,६०० रुपये नुसते व्याजातच जातात. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. ‘मिनिमम ड्यू’ भरत राहिले तर मुद्दल जेमतेम हलते.

अशा वेळी १६ टक्क्यांचे दोन लाखांचे वैयक्तिक कर्ज काढून सगळे फेडणे शहाणपणाचे. तीन वर्षांसाठी हप्ता साधारण ७,०३० रुपये, एकूण व्याज ५३ हजारांच्या आसपास.

पण बँकेचा माणूस पाच वर्षांची मुदत सुचवतो. हप्ता ४,८६४ वर येतो, आणि व्याज जवळपास ९२ हजारांवर जाते. प्रोसेसिंग फी वेगळीच. आधीचे छोटे कर्ज मुदतीआधी बंद करायला दंड असेल, तर तोही या हिशेबात धरावा. कधी कधी ते छोटे कर्ज तसेच चालू ठेवणे स्वस्त पडते.

खरा घात मात्र नंतर होतो. कार्डांची मर्यादा पुन्हा मोकळी झालेली असते. दिवाळीची खरेदी त्यावर झाली की हप्ताही चालू आणि कार्डाचे व्याजही. म्हणून फेड झाल्यावर एक कार्ड लेखी अर्ज देऊन बंद करावे, दुसऱ्याची मर्यादा कमी करून घ्यावी. पुढच्या महिन्याचे स्टेटमेंटही जरूर पाहावे: फेडीच्या दिवसापर्यंतचे उरलेले व्याज बहुधा त्यात येते.