निष्कर्ष किती टिकतो, हे सांगणारा परिच्छेद

१९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत ‘नॅशनल सपोर्टेड वर्क’ नावाचा एक मोठा प्रयोग झाला. तुरुंगातून सुटलेले, व्यसनातून बाहेर पडलेले, शाळा अर्धवट सोडलेले अशा लोकांना काही महिने देखरेखीखाली काम द्यायचे आणि पुढे त्यांची कमाई वाढते का ते पाहायचे, अशी कल्पना होती. अर्जदारांपैकी कोणाला काम मिळेल आणि कोणाला नाही, हे सोडतीने ठरले. रॉबर्ट लालॉन्ड यांनी १९८६ साली या प्रयोगावर एक गाजलेला निबंध लिहिला. पुढे १९९९ मध्ये राजीव देहेजिया आणि सादेक वाहबा यांनी त्यातल्या पुरुषांचा एक छोटा गट निवडून तीच आकडेवारी पुन्हा तपासली. संख्याशास्त्राच्या वर्गांत आजही ही आकडेवारी सरावासाठी वापरली जाते.

देहेजिया-वाहबा यांच्या गटात काम मिळालेले १८५ आणि न मिळालेले २६० पुरुष आहेत. १९७८ साली पहिल्यांची सरासरी कमाई ६,३४९ डॉलर होती, दुसऱ्यांची ४,५५५. फरक १,७९४ डॉलरचा. मुख्य निष्कर्ष एवढाच. पण शोधनिबंधात हा आकडा लिहून थांबता येत नाही. हिशेब थोडा वेगळ्या पद्धतीने केला असता तर हाच निष्कर्ष निघाला असता का, असे वाचक विचारणारच, आणि त्याला विचारण्याचा हक्क आहे. या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या परिच्छेदाला संवेदनशीलता विश्लेषणाचा परिच्छेद म्हणतात. अनेक निबंधांत तो ‘इतर मॉडेल वापरूनही निष्कर्ष बदलले नाहीत’ अशा एका ओळीत उरकलेला असतो. कोणती मॉडेल, ती का निवडली, आकडा किती हलला, यांपैकी काहीही त्या ओळीतून कळत नाही.

पहिला बदल सहचलांचा, म्हणजे कमाईवर परिणाम करू शकणाऱ्या इतर गोष्टींचा: वय, शिक्षण, वंश, विवाह, आधीच्या दोन वर्षांची कमाई. सोडत काढली असली तरी योगायोगाने दोन्ही गट तंतोतंत सारखे होत नाहीत. इथे काम मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी शालेय शिक्षण पूर्ण केले नव्हते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ८३ टक्क्यांच्या वर होते. म्हणजे पहिला गट आधीपासूनच थोडा पुढे होता. या सगळ्या गोष्टी जमेस धरल्या की फरक १,७९४ वरून सुमारे १,६७५ वर येतो. तो घटतो, पण कोसळत नाही.

सहचल निवडताना एक चूक फार सहज होते. एखाद्याला वाटेल, १९७८ मध्ये माणूस किती महिने कामावर होता तेही जमेस धरावे. पण नोकरी टिकणे हा तर कार्यक्रमाचाच परिणाम असू शकतो. तो हिशेबात घेतला की कार्यक्रमाचा फायदा त्याच्याच वाटेने निसटून जातो आणि उरलेला आकडा भलत्याच प्रश्नाचे उत्तर देतो. म्हणून पर्यायी संचात सोडतीच्या आधीच ठरलेल्या गोष्टीच घ्यायच्या.

दुसरा बदल मॉडेलचा. कमाईचे आकडे एका बाजूला लांबवर पसरलेले असतात, म्हणून त्यांचा लॉगॅरिदम घेण्याची सवय अनेकांना असते. इथे ती सवय घातक ठरते. १९७८ मध्ये ४४५ पैकी १३७ जणांची कमाई शून्य होती आणि शून्याचा लॉगॅरिदम निघत नाही. संगणक ही माणसे गुपचूप वगळतो. त्यांत काम मिळालेल्या गटातले ४५ आणि दुसऱ्या गटातले ९२ आहेत, म्हणजे जिथे कार्यक्रमाने सर्वाधिक फरक पडला असावा नेमके तेच लोक गळतात. हे ओळखण्याची खूण सोपी आहे: प्रत्येक मॉडेलखाली माणसांची संख्या लिहावी. ती ४४५ वरून ३०८ वर आली की लगेच लक्षात येते. त्यापेक्षा ‘कमाई होती की नव्हती’ असा सरळ प्रश्न विचारणे चांगले. त्याचे उत्तर ७६ टक्के विरुद्ध ६५ टक्के असे येते.

तिसरी शंका एका माणसाची आहे. काम मिळालेल्या गटातील एकाची कमाई ६०,३०८ डॉलर होती. त्याला वगळले तर सरासरी फरक सुमारे १,५०० डॉलरवर येतो. १८५ जणांतला एक माणूस जवळपास ३०० डॉलरचा फरक पाडतो, हे वाचकाला सांगायलाच हवे.

आणि खरी कसोटी पुढे आहे. लालॉन्ड यांच्या मूळ गटात २९७ आणि ४२५ पुरुष होते. देहेजिया-वाहबा यांनी त्यांतून १९७४ च्या कमाईची माहिती असलेलेच निवडले. मूळ मोठ्या गटात फरक आहे फक्त ८८६ डॉलर, आणि त्याच्या विश्वास अंतरालाचे खालचे टोक शून्याच्या किंचित खाली जाते. प्रामाणिक लेखक हा आकडा परिशिष्टात ढकलत नाही.

हे सगळे एकत्र आणले की परिच्छेद असा लिहिता येतो:

‘मुख्य विश्लेषणात काम मिळालेल्या पुरुषांची १९७८ ची कमाई १,७९४ डॉलरने अधिक होती (९५ टक्के विश्वास अंतराल सुमारे ५५० ते ३,०४०). शिक्षणाच्या बाबतीत दोन गटांत फरक असल्याने वय, शिक्षण, वंश, विवाह आणि आधीची कमाई समाविष्ट केली असता हा फरक सुमारे १,६७५ डॉलर झाला. सर्वाधिक कमाईची व्यक्ती वगळल्यावर तो सुमारे १,५०० होता (अंतराल ३०० ते २,७००). कमाई असणाऱ्यांचे प्रमाणही सुमारे ११ टक्के-बिंदूंनी अधिक होते. या सर्व विश्लेषणांत परिणामाची दिशा कायम राहिली. मात्र १९७४ च्या कमाईची अट काढून मूळ गट घेतला असता फरक ८८६ डॉलरपर्यंत घटला आणि शून्याची शक्यता नाकारता आली नाही. त्यामुळे परिणामाच्या दिशेविषयीचा निष्कर्ष त्याच्या आकाराविषयीच्या निष्कर्षापेक्षा अधिक भक्कम आहे.’

या परिच्छेदात प्रत्येक बदलाला कारण आहे आणि आकडाही आहे. ‘सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय राहिले’ एवढ्यावर तो भागवत नाही, कारण आकडा निम्म्यावर आला तरी ते वाक्य खरे ठरू शकते. शिवाय कोणते पर्याय तपासायचे हे निकाल पाहण्याआधी ठरवले असेल तर तसे नमूद करावे. नंतर सुचले असतील तर तेही. पन्नास मॉडेल चालवून सोयीची चार छापली असतील, तर वाचकाला ते कळायला दुसरा मार्ग नसतो.

पण एवढी स्थिरता आली ती मुख्यतः सोडतीमुळे. लालॉन्ड यांनी सोडतीतला तुलनागट बाजूला ठेवून त्याच्या जागी एका राष्ट्रीय सर्वेक्षणातले सर्वसामान्य पुरुष घेतले, तेव्हा चित्र पालटले. त्या तुलनेत, देहेजिया-वाहबा यांच्या गटासाठी, सहचलांशिवाय फरक येतो उणे १५,२०५ डॉलर. सहचल घातले की तो अधिक सातशेच्या आसपास जातो. चिन्हच बदलते. जेफ्री स्मिथ आणि पेट्रा टॉड यांनी २००५ मध्ये दाखवले की अशा तुलनेत जुळणीची पद्धत वापरली तरी उत्तर कोणते सहचल घेतले आणि कोणता गट निवडला यावर फार अवलंबून असते. अशा अभ्यासात चार-पाच मॉडेलांचे आकडे जवळजवळ आले, तरी त्या सगळ्यांतून एकच न मोजलेली गोष्ट, उदाहरणार्थ काम शोधण्याची चिकाटी, सुटलेली असू शकते. तिचा प्रभाव किती मोठा असला तर निष्कर्ष मोडेल, याचा हिशेब वेगळा करावा लागतो आणि परिच्छेदात त्याला वेगळे वाक्य लागते.