दोन पर्याय, एक स्लाइड: तुलना खरी की दिखाऊ?

कार्यालय असो वा सोसायटी, खरेदीचा निर्णय हल्ली एका स्लाइडवर होतो. डावीकडे एक वस्तू, उजवीकडे दुसरी आणि खाली शिफारस. पण ओळी सोयीने निवडल्या, तर आकडे खरे असूनही तुलना खोटी ठरते. हे कसे घडते आणि कसे टाळायचे, ते एका उदाहरणातून पाहू.

प्रसंग काय?

समजा, एका अभ्यासिकेला इन्व्हर्टरसाठी बॅटरी घ्यायची आहे. दिवे आणि पंखे मिळून ३०० वॅटचा भार आहे. वीज रोज एकदा, साधारण दोन तास जाते. समोर दोन कोटेशन आहेत. एक १५० एएचच्या ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटरीचे आणि दुसरे १०० एएचच्या लिथियम बॅटरीचे.

ओळी आधी, आकडे नंतर

कोटेशन उघडण्यापूर्वीच ओळी ठरवा. त्या गरजेतून येतात: किती वेळ चालेल, किती वेळात चार्ज होईल, देखभाल काय, वॉरंटी किती, एकूण खर्च किती. माहितीपत्रक पाहून ओळी लिहिल्या, तर विक्रेत्याला जे मिरवायचे तेच स्लाइडवर येते. सहा-सात ओळी पुरेत. त्याहून जास्त असल्या तर मोबाइलवर अक्षरे वाचता येत नाहीत.

एका ओळीत एकच माप

सर्वात मोठी फसगत इथे होते. ‘१५० एएच’ आणि ‘१०० एएच’ शेजारी लिहिले, की पहिली बॅटरी दीडपट वाटते. प्रत्यक्षात १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १,८०० वॅट-तास. पण लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याहून जास्त रिकामी केली, तर तिचे आयुष्य घटते. म्हणून हिशेबात ९०० धरावेत. लिथियमचे १२.८ गुणिले १०० म्हणजे १,२८० वॅट-तास. त्यातले ८० टक्के, म्हणजे १,०२४ वापरता येतात. इन्व्हर्टरमध्ये १५ टक्के वीज वाया जाते असे दोन्हीकडे धरले, की खरा बॅकअप कळतो.

खर्चाचेही तसेच. एका बाजूला जुन्या बॅटरीचे पैसे वजा करून आणि दुसरीकडे न करता किंमत लिहू नका. लिथियमसाठी नवा इन्व्हर्टर लागणार असेल, तर तोही त्याच चौकोनात धरा.

| निकष | ट्युब्युलर (शिफारस) | लिथियम |
|---|---|---|
| ३०० वॅटवर बॅकअप | सुमारे २.५ तास | सुमारे २.९ तास |
| पूर्ण चार्जिंग | १० तास | ४ तास |
| देखभाल | २-३ महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर | पाणी लागत नाही |
| वॉरंटी | ३ वर्षे | ५ वर्षे |
| एकूण खर्च | ₹१५,००० | ₹४२,००० (₹७,०००च्या इन्व्हर्टरसह) |
| वॉरंटीच्या दर वर्षी | ₹५,००० | ₹८,४०० |

(किमती, चार्जिंगचा वेळ आणि वॉरंटी उदाहरणादाखल.)

एखादी माहिती मिळाली नाही, तर ओळ काढू नका. ‘माहिती मिळाली नाही’ असे लिहा. चौकोन रिकामा ठेवला, तर ती सोय नाहीच असा अर्थ निघतो.

शिफारस ठळक, पण प्रामाणिक

वरच्या तक्त्यात लिथियम चार ओळींत पुढे आहे, तरी शिफारस ट्युब्युलरची आहे. ओळी मोजून निर्णय होत नाही. सगळ्या ओळींचे वजन सारखे नसते. दोन तासांची गरज दोन्ही बॅटऱ्या भागवतात, चार्जिंगला रात्र मिळते आणि नव्या इन्व्हर्टरचा खर्च वगळला तरी लिथियम वर्षाला ₹७,००० पडते. म्हणून स्लाइडचे शीर्षक ‘बॅटरी तुलना’ नको. ‘रोज एकदा दोन तास वीज जात असेल, तर ट्युब्युलर पुरेशी आणि स्वस्त’ असे असावे.

शिफारशीच्या स्तंभाला फिकट रंग द्या आणि वर ‘शिफारस’ हा शब्द लिहा. नुसत्या रंगावर विसंबू नका. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये तो दिसत नाही. दुसऱ्या स्तंभातील अक्षरे बारीक किंवा करडी करू नका. प्रत्येक ओळीतला सरस आकडा मात्र, तो कोणाचाही असो, ठळक ठेवा. शिफारस कुठे कमी पडते, ते वाचणाऱ्याला लगेच दिसते.

तळाशी एक ओळ हवीच: निर्णय कधी बदलेल? ‘वीज दिवसातून दोनदा जाऊ लागली, तर ट्युब्युलरला चार्जिंगला वेळ मिळणार नाही, मग लिथियमचा विचार करावा.’ कोटेशनची तारीखही तिथेच लिहा.

पाठवण्यापूर्वी एक चाचणी

दोन्ही नावे झाका आणि स्लाइड विषयाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला दाखवा. प्रत्येक ओळीत दोन्हीकडे एकाच प्रश्नाचे उत्तर आहे का, एवढेच विचारा. एखाद्या ओळीवर तो अडखळला, तर तिथले माप पुन्हा तपासा.