अँप्लिफायरमधली ‘गूं’ कुठून येते? ग्राउंड लूप आणि स्टार ग्राउंडिंग

अँप्लिफायर असेंबल करून विकायचा विचार करणाऱ्यांचा एक प्रश्न सतत येतो: “सर, गाणं बंद असलं तरी स्पीकरमधून गूंऽऽ आवाज येतो, कोणता कंडेन्सर बदलू?” व्हिडिओत वायरिंग दाखवलंय, पण त्यामागचं कारण नीट लिहायला हवं. कारण बहुतेक वेळा कंडेन्सर चांगलाच असतो, चूक ग्राउंडच्या वायरीत असते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. ग्राउंड म्हणजे सगळीकडे शून्य व्होल्ट, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ग्राउंडची वायरही तांब्याचीच, तिलाही थोडा रेझिस्टन्स असतो. आपण वापरतो ती बारीक, साधारण 0.2 चौरस मिलिमीटरची वायर घ्या. तिच्या 20 सेंटिमीटरच्या तुकड्याचा रेझिस्टन्स सुमारे 0.017 ओहम भरतो. नगण्य वाटतो ना? पण त्यातून 1 अँपिअर करंट गेला की दोन टोकांमध्ये 17 मिलिव्होल्ट तयार होतात. आता सिग्नलचं ग्राउंड एका टोकाला आणि अँप बोर्डाचं दुसऱ्या टोकाला असेल, तर अँपला हे 17 मिलिव्होल्ट गाण्याचाच भाग वाटतात. गेन 30 पट असेल तर स्पीकरवर अर्धा व्होल्ट! रात्री शांत खोलीत तो ऐकू येणारच.

हा करंट येतो कुठून? ब्रिज रेक्टिफायर फिल्टर कंडेन्सरला सलग चार्ज करत नाही. तो सेकंदाला 100 वेळा छोटे पण जोरदार झटके देतो. सरासरी करंट कमी असला तरी झटक्याचं शिखर त्याच्या कितीतरी पट असतं. म्हणून हा आवाज थोडा खरखरीत ‘झूंऽऽ’ असा, 100 हर्ट्झचा लागतो. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा घराच्या अर्थिंगमधून येणारी गुणगुण बहुधा 50 हर्ट्झची, जाड आणि मऊ असते. कानाला एकदा सवय झाली की हा फरक कळतो.

आता खरी केस बघू. आमच्या बॅचमधला एक मुलगा त्याने बनवलेला सेट घेऊन दुकानात आला. पाच सेट विकले होते, तीन परत आलेले. आत ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, मोठा फिल्टर कंडेन्सर, टोन बोर्ड आणि एकाच सप्लायवर चालणारा स्टिरिओ अँप बोर्ड. कंडेन्सर त्याने तिन्ही सेटमध्ये बदलला होता, म्हणजे नफा तिथेच गेला. गूं मात्र जशीच्या तशी.

उघडायच्या आधी दोन चाचण्या केल्या, त्या तुम्हीही करा. पहिली, व्हॉल्यूम शून्यावर आणा. गूं तशीच राहिली तर दोष व्हॉल्यूम पॉटच्या पुढे, म्हणजे अँपच्या बाजूला. व्हॉल्यूमबरोबर ती कमी-जास्त झाली तर दोष मागे, इनपुटकडे. दुसरी, एका आरसीए पिनमध्ये आतली टाचणी आणि बाहेरची कडी सोल्डर करून जोडून टाका. ही शॉर्ट पिन इनपुटला लावल्यावर गूं गेली तर दोष केबलमध्ये किंवा समोरच्या वस्तूत आहे. राहिली तर दोष आपल्याच डब्यात. इथे गूं राहिली, आणि व्हॉल्यूम शून्यावर असतानाही थोडी होतीच.

डबा उघडल्यावर दोन गोष्टी दिसल्या. ब्रिजची मायनस वायर जवळ पडते म्हणून आधी टोन बोर्डाच्या ग्राउंडला आणलेली, तिथून पुढे कंडेन्सरला. म्हणजे चार्जिंगचे सगळे झटके टोन बोर्डाच्या ग्राउंडवरून जात होते! दुसरं, आरसीए सॉकेट पत्र्याच्या कॅबिनेटला थेट कसलेले. त्यामुळे इनपुटचं ग्राउंड शिल्ड वायरने टोन बोर्डावर येतं आणि पत्र्यातून फिरून कंडेन्सरलाही पोचतं. एकाच ग्राउंडला दोन रस्ते, आणि मध्ये बंद वर्तुळ. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. शेजारी ट्रान्सफॉर्मर असला की या वर्तुळातही करंट फिरायला लागतो.

दुरुस्ती अशी केली. ब्रिजची मायनस जाड वायरने सरळ फिल्टर कंडेन्सरच्या मायनसला. ही वायर फक्त या दोघांची, मध्ये कोणी नाही. कंडेन्सरच्या मायनसपासून आखूड, जाड वायर काढून एका तांब्याच्या रिंगटॅगवर आणली. हा आपला स्टार पॉइंट. इथून अँप बोर्डाच्या ग्राउंडला एक वेगळी वायर, टोन बोर्डाला एक वेगळी, आणि कॅबिनेटच्या पत्र्याला एक. एका बोर्डावरून दुसऱ्या बोर्डावर माळ ओवायची नाही. स्टार थेट ब्रिजच्या पायावर का नाही? कारण झटके ब्रिज आणि कंडेन्सर यांच्यामध्येच फिरतात, स्टार त्यांच्या रस्त्याच्या बाहेर हवा.

आरसीए सॉकेटखाली प्लास्टिकचे वॉशर घालून ते पत्र्यापासून वेगळे केले. टोन बोर्ड ते अँप बोर्ड या शिल्ड वायरची जाळी फक्त टोन बोर्डाच्या बाजूला जोडली. दोन्ही बोर्डांना स्टारची स्वतःची वायर आहे, जाळी दोन्हीकडे जोडली तर पुन्हा वर्तुळ. स्पीकरची काळी वायर ग्राउंडला येणारं सर्किट असेल तर तीही स्टारवर आणा. पण ब्रिज टाइप अँपमध्ये ती ग्राउंडला अजिबात लावू नका, आयसी जाईल.

एवढं केल्यावर शॉर्ट पिन लावून कान स्पीकरला टेकवावा तेव्हाच काहीतरी ऐकू येईल, इतकी गूं कमी झाली. खर्च? वायर, रिंगटॅग, वॉशर आणि एक तास.

आता मोजमापाबद्दल. स्वस्त पिवळ्या मीटरवर एसीची सर्वांत लहान रेंज बहुधा 200 व्होल्टची असते, तिच्यावर हे मिलिव्होल्ट दिसणार नाहीत. एसी मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर घ्या आणि इनपुटचं ग्राउंड ते अँप बोर्डाचं सिग्नल ग्राउंड यांच्यामध्ये मोजा. आकडा जितका शून्याजवळ तितकं चांगलं.

सगळं करूनही मऊ, 50 हर्ट्झची गूं राहिली तर ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सैल करा, सेट बंद ठेवून तो थोडा फिरवा आणि मग पुन्हा चालू करून ऐका. आवाज बदलला तर टोन बोर्डावर त्याचं क्षेत्र पडतंय. तिथे स्टार ग्राउंडिंग काही करू शकत नाही, अंतर वाढवा.

आणि सेट एकटा शांत, पण ग्राहकाने लॅपटॉप जोडला की गूं? लॅपटॉपचा चार्जर काढून बघायला सांगा. आवाज गेला तर लूप भिंतीतल्या अर्थिंगमधून होतोय: लॅपटॉपचा तीन पिनी चार्जर, अँपची अर्थ आणि मधली ऑडिओ केबल. काही मेकॅनिक इथे अँपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकतात. तुम्ही हे कधीच करू नका. पत्र्यावर 230 व्होल्ट आले तर फ्यूज उडायला रस्ताच उरत नाही, आणि तो सेट तुमच्या नावाने विकलेला असतो. लूप तोडायचा तो ऑडिओच्या बाजूने. केबलच्या मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, बाजारात ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ म्हणून मिळतो. अगदी स्वस्त घेतला तर बेस थोडा पातळ होतो, म्हणून ग्राहकाला देण्याआधी तुमच्या ओळखीच्या गाण्यावर ऐकून बघा.