सरासरीआड लपलेला ॲनिमिया

सकाळी ८.३०. बस्सीच्या दवाखान्यात ओपीडीआधी कालचे रिपोर्ट पाहते. ७१ वर्षांचे बाबाजी, हिमोग्लोबिन ८.४. 'उमर हो गई' म्हणून घरच्यांनी वर्षभर सोडून दिलं होतं. पण पुरुषांसाठी १३ची मर्यादा मी सत्तरीतही तीच धरते. तांबड्या पेशींचा सरासरी आकार ८८, म्हणजे अगदी नॉर्मल. इथेच मला शंका येते.

९.१५. लॅबमध्ये स्लाइड स्वतः पाहते. काही पेशी लहान, फिकट. काही मोठ्या, अंडाकृती. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी पडलं की मोठ्या. दोन्ही कमी असतील तर सरासरी मध्ये येऊन बसते आणि रिपोर्ट निर्दोष दिसतो. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पुरेशा आहेत, अपक्व पेशी नाहीत. म्हणून मज्जेच्या आजाराचा विचार आज मागे ठेवते.

११.००. बाबाजी मुलाबरोबर आले.

"बाबाजी, गुडघ्यासाठी काय घेता?"

"मेडिकलवाल्याची गोळी, डॉक्टरसाब. दिवसातून दोनदा."

ती डायक्लोफेनॅक निघते. पोटात कळ न उठताही या गोळीने जखम होऊन रक्त झिरपू शकतं. ती आजपासून बंद. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू आहे. तिने बी-१२ शोषणं घटतं, आणि ते शाकाहारी आहेत. दूध-ताक रोज असलं, तरी एवढ्यावर ते भरून निघेलच असं नाही.

१.००. बाकीचे रिपोर्ट आले. बी-१२ १४०, स्पष्ट कमी. फेरिटिन ६४, दिसायला ठीक. पण सीआरपी वाढलेलं आहे, आणि शरीरात सूज असली की फेरिटिन खोटं वर जातं. म्हणून ट्रान्सफरिन सॅच्युरेशन पाहिलं: ९ टक्के. लोहही नाही. क्रिएटिनिन १.३, गाळणी साधारण ५८. मूत्रपिंडामुळे हिमोग्लोबिन एवढं खाली यायला गाळणी सहसा बरीच, ३०च्या आसपास किंवा त्याखाली गेलेली असते. हा दोष मूत्रपिंडांच्या माथी मारून थांबता येत नाही.

४.००. मुलगा म्हणतो, "बी-१२चं इंजेक्शन द्या, मग बरे होतील ना?" इंजेक्शन आज सुरू करते, पण त्याला समजावते: आठवड्याभरात नव्या पेशी वाढतील, हिमोग्लोबिन थोडं चढेल आणि मग लोहाअभावी अडेल. या वयाच्या पुरुषाचं लोह बहुतेकदा रक्त वाहिल्यानेच जातं. आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ महिनोन्महिने थोडंथोडं रक्त गाळते आणि शौचाचा रंगही बदलत नाही. शौचातल्या लपलेल्या रक्ताची तपासणी निगेटिव्ह आली, तरी ती गाठ नाही असं म्हणता येत नाही.

५.३०. जयपूरसाठी पत्र लिहिते: जठराची दुर्बीण आणि कोलोनोस्कोपी, दोन्ही एकाच वेळी. जठरात जखम सापडली तरी आतडं पाहायचंच, असं अधोरेखित करते. दोन्हींत काही न सापडता, लोह भरूनही हिमोग्लोबिन चढलं नाही किंवा प्लेटलेट उतरू लागल्या, तर मज्जेची तपासणी. मुलाला शेवटचं सांगते: लोहाच्या गोळ्या आजपासूनच सुरू करायच्या, पण कोलोनोस्कोपीच्या आठवडाभर आधी थांबवायच्या, कारण त्यांनी शौच काळं आणि चिकट होतं आणि तपासणाऱ्याला नीट दिसत नाही.