नफा शंभर कोटींचा, पैसा कुठे आहे?

माल उधारीवर गेला तरी विक्री त्याच दिवशी हिशेबात धरली जाते आणि नफाही दिसतो. पैसा हातात आला की नाही, हे कळतं रोख प्रवाह पत्रकात, म्हणजे कॅश फ्लो स्टेटमेंटमध्ये. वार्षिक अहवालातलं हे पान बरेच गुंतवणूकदार उलटून पुढे जातात, याची मला खरोखर खंत वाटते.

पंप बनवणारी एक काल्पनिक कंपनी घेऊ. विक्री ८०० वरून ९०० कोटींवर गेली, करोत्तर नफा १०० कोटी. पत्रकाची सुरुवात होते करपूर्व नफ्यापासून, इथे १३० कोटी. त्यात घसाऱ्याचे ३० आणि व्याजखर्चाचे २० कोटी परत मिळवले की १८० होतात. पुढच्या ओळी मात्र सावकाश वाचाव्यात. ग्राहकांकडची येणी ८५ कोटींनी वाढली, मालसाठा ४० कोटींनी. पुरवठादारांची देणी १५ कोटींनी वाढल्यामुळे तेवढाच दिलासा. उरले ७०. कर भरला ३०. म्हणजे धंद्यातून आलेली रोकड फक्त ४० कोटी.

आता ताळेबंद उघडा. येणी १६० वरून २४५ कोटी झाली आहेत. विक्रीशी ताडून पाहिलं, तर पूर्वी पैसे ७३ दिवसांत वसूल व्हायचे, आता ९९ दिवस लागतात. मार्चअखेर डीलरांच्या गळ्यात माल मारला असेल, तर त्याची खूण इथेच सापडते.

या ४० कोटींतून यंत्रसामग्रीचे ५५ कोटी गेले, म्हणजे फ्री कॅश फ्लो उणे १५. इथेच थांबू नका. आपल्याकडच्या इंड एएस नियमांनुसार बिगर-वित्तीय कंपन्या भरलेलं व्याज आणि भाडेकरारांचे बहुतेक हप्ते खाली, वित्तपुरवठ्याच्या भागात दाखवतात. व्याजाचे २० आणि भाड्याचे ५ वजा केले की उणे ४०. त्यावर २० कोटी लाभांश वाटला आणि ६० कोटींचं नवं कर्ज काढलं. तो लाभांश कर्जातूनच आला.

नवा कारखाना उभारताना एखादं वर्ष असं जाऊ शकतं. म्हणून मी पाच वर्षांच्या बेरजा शेजारी मांडते: एकीकडे नफा, दुसरीकडे धंद्यातली रोकड. बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांना ही पद्धत लावू नये. तिथे कर्जवाटप हाच धंदा असतो.

रोकडही खोटी दाखवता येते. ‘सत्यम’च्या पुस्तकांत ५,३६१ कोटींची रोख व बँक शिल्लक होती, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नसल्याची कबुली जानेवारी २००९ मध्ये रामलिंग राजूंनी दिली. जमा दाखवलेलं ३७६ कोटींचं व्याजही खोटंच होतं. म्हणून शिल्लक मोठी दिसली की गुंतवणुकीच्या भागातली ‘मिळालेलं व्याज’ ही ओळ शोधावी. ठेवींवर बँका सात टक्के देत असताना तिथे दोन टक्क्यांइतकंच व्याज दिसत असेल, तर ती शिल्लक वर्षभर खात्यात होती का, हे कंपनीला विचारायला हवं.