तापलेल्या शेडमधले सेफ्टी शूज

उन्हाळा लागला की फोर्जिंगच्या शेडमधून स्टोअरकडे एक मागणी हमखास येते: लोखंडी टोने बोटं भाजतात, आम्हाला फायबर टोचे शूज द्या. मागणी खोटी नाही, पाय खरोखरच भाजत असतात. पण ती उष्णता बहुतेक वेळा टोमधून आलेली नसते, ती सोलमधून चढलेली असते. टो बदलून सोल तसाच ठेवला तर पैसे खर्च होतात आणि पाय भाजायचे थांबत नाहीत.

आधी टोचं काम पाहू. भारतात सेफ्टी शूजसाठी आयएस 15298 हे मानक आहे. त्याच्या दुसऱ्या भागानुसार बुटाच्या टोकातल्या टोपीला 200 ज्यूलचा आघात सोसावा लागतो. सोप्या भाषेत, साधारण 20 किलोचं वजन एक मीटर उंचीवरून पडल्याचा तो मार असतो. शिवाय सुमारे दीड टन वजनाचा दाबही पेलावा लागतो. प्रयोगशाळेत टोपीखाली मऊ मातीचा छोटा नळकांड्यासारखा गोळा उभा करतात आणि वरून वजन सोडतात. नंतर चेपलेल्या गोळ्याची उंची मोजली की बोटांना किती जागा उरली असती ते कळतं. 42 नंबरच्या बुटात ही जागा निदान 14 मिलिमीटर उरली पाहिजे. टोपी पोलादाची असो की काचतंतू आणि रेझिनची, परीक्षा एकच आहे. म्हणून फायबर टो कमजोर असतो, हा समज चुकीचा आहे. जड वजन पडलं तर लोखंडी टो वाकून बोटं कापतो, ही भीतीही अशीच निराधार आहे. टोपी तितकी वाकवणाऱ्या वजनाखाली साध्या बुटातली बोटं चिरडूनच गेली असती.

मग उष्णतेचं काय? पोलादातून उष्णता फायबरपेक्षा कितीतरी पटींनी लवकर जाते, हे खरं. पण टोपीच्या बाहेर कातडं असतं, आत अस्तर असतं आणि ती पायाचा फक्त पुढचा भाग झाकते. कातडं शाबूत असेपर्यंत तिच्यामुळे फारसा फरक पडत नाही. टोकाचं कातडं घासून पोलाद उघडं पडलं की मात्र चित्र बदलतं. भट्टीसमोर ते उघडं लोखंड थेट तापतं आणि बोटांना चटका लागू लागतो. असे शूज त्या दिवशीच बदलायला हवेत.

फायबर टोची दुसरी बाजू दुकानात सहसा कोणी सांगत नाही. धातूविरहित टोपीची उष्णतेतली चाचणी ती 60 अंशांपर्यंत तापवून घेतात. भट्टीच्या तोंडाशी हजार-बाराशे अंशांवरचं बिलेट चिमट्यात धरून उभ्या असलेल्या माणसाचा बूट याहून अधिक तापू शकतो. आणखी एक गोष्ट म्हणजे मोठा मार बसला की लोखंडी टोपीला पोक येतो, तो हाताला लागतो. फायबरची टोपी आतून तडकते आणि वरून नवीच्या नवी दिसते. पायावर जड वस्तू पडली की दोन्ही प्रकारचे शूज टाकूनच द्यायचे असतात, पण फायबरच्या बाबतीत ते कामगाराने स्वतः सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. वजनातला फरकही लोकांना वाटतो तेवढा नसतो, एका बुटामागे तो शंभर ग्रॅमच्या आतच असतो. पाळीभर चालणाऱ्याला मात्र तेवढाही जाणवतो, हे मान्य.

आता सोल. स्वस्त सेफ्टी शूजचा सोल बहुतेक पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा असतो. तो हलका आणि मऊ असतो आणि तेलही बऱ्यापैकी सोसतो. पण शे-सव्वाशे अंशांच्या पुढे तो नरम पडू लागतो. हॅमरखालून उडालेली लाल खपली त्यावर चिकटली की तिथे खड्डा पडतो. फोर्जिंग आणि फौंड्रीत नायट्राइल रबराचा सोल लागतो. त्यावर एचआरओ अशी खूण असते. याचा अर्थ, 300 अंशांच्या धातूला एक मिनिट टेकवूनही सोल वितळत नाही आणि वाकवल्यावर तडकत नाही.

इथेच एक गोंधळ होतो. एचआरओ म्हणजे सोल टिकेल. पाय गार राहील, असा त्याचा अर्थ नाही. त्यासाठी एचआय ही वेगळी खूण आहे. बूट 150 अंशांच्या वाळूत ठेवतात आणि अर्ध्या तासात आतला तळ 22 अंशांपेक्षा जास्त तापता कामा नये. ही चाचणी साधारण 23 अंशांच्या खोलीतल्या बुटावर होते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बूट चढवताना तो आधीच चाळिशीत असतो. म्हणून एचआय खुणेचे शूज असले तरी तापलेल्या फरशीवर सलग उभं राहण्याला मर्यादा आहेच. पायाखाली लाकडी फळी किंवा जाळीचा प्लॅटफॉर्म द्यावाच लागतो.

तेलाचंही तसंच आहे. ऑइल रेझिस्टंट असं छापलेलं वाचून माणूस निर्धास्त होतो. एफओ या खुणेचा अर्थ इतकाच की तेलात बुडवून ठेवल्यावर सोल 12 टक्क्यांपेक्षा जास्त फुगत नाही. घसरण्याचा त्यात उल्लेखच नाही. घसरण्याची परीक्षा वेगळी असते: साबणाच्या पाण्याने ओल्या टाइलवर आणि ग्लिसरीन लावलेल्या स्टीलच्या पृष्ठभागावर. दोन्हीत पास झालेल्या बुटावर एसआरसी लिहिलेलं असतं. तेलकट फरशीवर चालणाऱ्याला दोन्ही खुणा हव्यात.

समजा, चाकणच्या एका शेडमध्ये तीन प्रकारची माणसं आहेत. भट्टी आणि हॅमरवरच्यांना लोखंडी टो, एचआरओ आणि एचआय सोल, घोट्याच्या वरपर्यंतचं कातडं आणि लेस झाकणारी पट्टी हवी. नाहीतर खपली थेट बुटात शिरते. 40 किलोचा डाय क्रेनने हलवणाऱ्यांसाठी नुसता टो अपुरा आहे. तो छातीच्या उंचीवरून निसटला तर आघात 200 ज्यूलच्या दुपटीपेक्षा जास्त होतो. शिवाय तो बोटांवर न पडता पायाच्या वरच्या हाडांवरही पडू शकतो, म्हणून त्यांना पावलावरचं मेटाटार्सल गार्ड लागतं. सीएनसी आणि पॅकिंगवाल्यांना मात्र हलका फायबर टो, एफओ आणि एसआरसी सोल शोभेल. तिथे उष्णता कमी आणि चालणं जास्त, शिवाय गेटवरच्या मेटल डिटेक्टरचा त्रासही वाचतो. तिघांना एकाच बिलावर एकच बूट घेतला की पहिल्यांचे पाय भाजतात आणि तिसऱ्यांना विनाकारण वजन वाहावं लागतं. सर्वांत वाईट म्हणजे उन्हाळ्यासाठी म्हणून घेतलेले जाळीदार कापडी वरभागाचे शूज. ठिणगी पडली की ती जाळी क्षणात वितळते.

जुन्या शूजची तपासणी हातानेच होते. सोलच्या खाचा बोथट झाल्या आहेत का, अंगठ्याने दाबल्यावर सोल चिकट लागतो का, पाय जिथे वाकतो तिथे चिरा आहेत का, कातडं आणि सोलचा जोड उघडतोय का, हे पाहायचं. पीयू सोलचा आणखी एक रोग आहे. दमट हवेत तो आतून कुजतो. स्टोअरमध्ये दोन पावसाळे पडून राहिलेला कोरा जोड पहिल्याच आठवड्यात भुगा होऊ शकतो. म्हणून घेताना जिभेवर छापलेला उत्पादनाचा महिना पाहायचा. तिथेच आयएसआय चिन्ह, आयएस 15298 आणि वरच्या खुणा असतात. ओले शूज भट्टीजवळ वाळवू नयेत, कातडं ताठ होऊन फाटतं. शक्य असेल तर दोन जोड आलटूनपालटून वापरावेत आणि आत नायलॉनचे नव्हे, सुती मोजे घालावेत.