काका, केस तेवढे एडिट करा ना!

तुमच्या पाकिटातलं एखादं आयडी कार्ड काढा आणि त्यावरचा फोटो बघा. कपाळ जरा जास्तच मोठं दिसतंय? भांगाच्या जागी पांढरी पट्टी आलीय? गालावर काहीतरी मळल्यासारखं वाटतंय? आरशात तुम्ही असे दिसत नाही. मग आयडीच्या फोटोतच असं का होतं?

मला हा प्रश्न पडला तो एका मित्रामुळे. त्याला एमएससाठी अमेरिकेला जायचंय. व्हिसाच्या फॉर्मसाठी दोन बाय दोन इंचांचा, पांढऱ्या बॅकग्राउंडचा आणि सहा महिन्यांच्या आत काढलेला फोटो हवा होता. चष्मा चालत नाही, हा नियम 2016 पासूनचा. त्याची तयारी होती. अडचण वेगळीच निघाली. तो तेवीस वर्षांचा आहे आणि त्याचे केस कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकायला लागलेत. ग्रुपमध्ये त्यावरून जोक होतात, तोही हसतो, पण हल्ली डोक्यावरची कॅप काही काढत नाही. स्टुडिओतल्या स्क्रीनवर स्वतःचा फोटो बघितला आणि तो हळूच म्हणाला, “काका, केस तेवढे एडिट करा ना!”

काकांनी दोन मिनिटांत कोपरे भरून दिले. फोटो मस्त आला. रात्री फॉर्म भरताना आम्ही सूचना नीट वाचल्या, तर सॉफ्टवेअरने चेहऱ्यात बदल केलेला फोटो चालत नाही, असं स्पष्ट लिहिलेलं. म्हणजे पैसे गेले आणि फोटोही गेला. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. जे करायचं ते क्लिक होण्याआधी करायचं, नंतर नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेठेतल्या एका जुन्या स्टुडिओत गेलो. मलाही इंटर्नशिपच्या ओळखपत्रासाठी फोटो हवाच होता. तिथल्या फोटोग्राफर काकांनी कॅमेऱ्याला हात लावण्याआधी आम्हाला लाइटबद्दल सांगितलं.

सावली गेली की काय उरतं?

आपला चेहरा आपण नेहमी एका बाजूने आलेल्या उजेडात बघतो. खिडकीचा उजेड असो की ट्यूबलाइट, नाकाच्या बाजूला, गालाखाली, जबड्याखाली थोडी सावली असतेच. त्या सावलीमुळेच चेहऱ्याला उठाव येतो. आयडी फोटोत मात्र सावली नको असते. म्हणून दोन बाजूंना दोन पांढऱ्या छत्र्या लावून सारखाच उजेड टाकतात. सावली पुसली जाते आणि चेहरा सपाट होतो. मग नजरेला उरतात फक्त गडद आणि फिकट रंगांच्या सीमा. केस कुठे संपतात, भांग कुठे आहे, दाढी कुठे सुरू होते, एवढंच. एरवी कोणाच्या लक्षातही न येणाऱ्या या रेषा फोटोत सगळ्यात आधी दिसतात.

कपाळ वाढत नाही, चमकतं

मित्राच्या पहिल्या फोटोत कपाळ खरंच मोठं दिसत होतं. काकांनी त्याच्या कपाळावरून टिश्यू फिरवला आणि तो तेलकट टिश्यू त्यालाच दाखवला. तेलकट त्वचेवर फ्लॅश पडला की तिथे पांढरा ठिपका येतो. कोपऱ्यातल्या विरळ केसांमधूनही ती चमक दिसते, आणि केसांची कड आहे त्यापेक्षा एक बोट मागे गेल्यासारखी वाटते. उपाय साधा आहे. फोटोआधी चेहरा धुवा, पूर्ण कोरडा करा, आणि अगदी शेवटी टिश्यू दाबून टिपा. घासू नका, त्वचा लाल होते. पावडरचा थर नको, आणि चेहरा पांढरट करणारं सनस्क्रीनही त्या दिवशी नको. फ्लॅशमध्ये ते राखेसारखं दिसतं.

दुसरी चूक जेलची. मित्र छान जेल लावून गेला होता. जेलने किंवा तेलाने केस एकमेकांना चिकटतात, त्यांचे जाड पुंजके होतात आणि मधल्या फटींतून डोक्याची त्वचा दिसते. केस तेवढेच असतात, पण निम्मे वाटतात. धुऊन पूर्ण वाळवलेले केस सुटे राहतात आणि जास्त जागा झाकतात. लांब केस ओढून कोपऱ्यावर आणायचा प्रयत्नही फसतो, कारण सपाट उजेडात त्या चार बटा वेगळ्या मोजता येतात. त्यापेक्षा बाजूचे केस बारीक आणि वरचे थोडे मोठे ठेवले तर कोपरा आणि बाजू यांतला फरकच कमी होतो. पुढचे केस किंचित कपाळावर आले तरी चालतं, डोळ्यांवर यायला नकोत.

न्हाव्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: कपाळावर वस्तऱ्याने रेषा मारू नका. रेषा मारलेल्या जागची त्वचा ऊन न लागल्यामुळे फिकट असते आणि फोटोत तिची पांढरी पट्टी येते. म्हणूनच कटिंग फोटोच्या आदल्या दिवशी नको, चार-पाच दिवस आधी उरकून घ्या.

भांग आणि उडते केस

आता माझी पाळी. मी वर्षानुवर्षं मधोमध भांग पाडते, तोही कंगव्याच्या टोकाने अगदी सरळ. एकाच जागी रोज भांग पडला की तिथले केस दोन्हीकडे आडवे बसतात आणि त्वचा उघडी पडते. त्यावर समोरून उजेड आला की खडूची रेघ मारल्यासारखं दिसतं. काका म्हणाले, भांग बदलायची गरज नाही, फक्त सरळ ठेवू नकोस. कंगव्याच्या टोकाने पुढच्या दोन इंचांत जरासा नागमोडी भांग पाडला आणि मुळांशी बोटं फिरवून केस उचलले. मुळाचे केस थोडे उभे राहिले की भांगावर त्यांचीच छाया पडते. ज्यांना वेळ आहे त्यांनी ओले केस उलट्या बाजूला वाळवावेत आणि नंतर नेहमीच्या बाजूला आणावेत. परिणाम तोच.

पण फार उचलू नका. अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोत डोक्याची उंची हनुवटीपासून केसांच्या वरच्या टोकापर्यंत मोजतात आणि ती फोटोच्या उंचीच्या 50 ते 69 टक्के असावी लागते. केसांचा पफ किंवा डोक्यावरचा अंबाडा त्या मापात धरला जातो, म्हणजे तेवढा चेहरा लहान होतो.

मग उडते केस. माझे केस कुरळे आहेत आणि पावसाळ्यात कानाभोवती बारीक केसांचं जाळं होतं. पांढऱ्या बॅकग्राउंडवर काळा केस म्हणजे कागदावर पेनाची रेघ. शिवाय पुष्कळ ठिकाणी मागचा रंग कॉम्प्युटरवर कापून पांढरा टाकतात. त्या कापाकापीत बारीक केस आधी जातात. कधी डोक्याला हेल्मेट घातल्यासारखी कड येते, कधी केसांभोवती करडा धूर राहतो. केसांची कड तुटक किंवा पुसट दिसली, तर तुमचं बॅकग्राउंड कापलंय समजा. म्हणून मागे खरा पांढरा पडदा आहे ना, हे आधीच विचारा.

उडते केस बसवायला तेल नको, त्याची चमक येते. नव्या टूथब्रशवर थोडा हेअर स्प्रे मारायचा आणि ब्रश केसांच्या वरूनच, मुळाकडून टोकाकडे फिरवायचा. स्प्रे नसेल तर तळहातावर पाण्याचे दोन थेंब चोळून हात नुसता दाबायचा. सिंथेटिक ओढणी किंवा स्वेटर डोक्यावरून काढला की केस पुन्हा उभे राहतात, म्हणून कपडे आधी आणि केस शेवटी. केस कानामागे घ्यायला विसरू नका. ‘नीट’च्या फॉर्मसाठी तर एनटीए कान दिसणारा फोटोच मागते.

दाढी ठेवायची की काढायची?

मित्राचा दुसरा प्रश्न हा होता. काकांचं उत्तर: दोन्ही चालेल, पण अर्धवट नको. दोन दिवसांचे खुंट समोरून बघताना स्टायलिश वाटतात. सपाट उजेडात मात्र त्यांचा एकेक केस दिसत नाही, नुसता करडा डाग दिसतो. ठेवायची असेल तर एकसारख्या मापाचं मशीन फिरवा आणि गळ्याची कड नीट करा. ही कड कंठमण्याच्या वर साधारण दोन बोटं हवी. बरेच जण ती थेट जबड्याच्या हाडावर आणतात. आता आठवा, जबड्याखालची सावली पुसली गेलीय. दाढी हाडावर संपली की खालचा गळा आणि हनुवटी एक होतात आणि नसलेली डबल चिन दिसते.

काढायची असेल तर आदल्या रात्री काढा. सकाळी घाईत केली तर लाल पुरळ फोटोत येतं. खूप दिवसांची दाढी असेल तर आठवडाभर आधी काढा, कारण खालची त्वचा वरच्यापेक्षा फिकट निघते आणि चेहरा दुरंगी दिसतो.

आणि परीक्षा देणाऱ्यांनो, फोटोतली दाढी पुढेही सांभाळावी लागते. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेच्या अलीकडच्या सूचनेत फोटो अर्ज सुरू होण्याच्या तारखेपासून दहा दिवसांपेक्षा जुना नसावा असं म्हटलंय. शिवाय दाढी असलेला फोटो दिलात तर पूर्व, मुख्य आणि मुलाखतीलाही तसंच या, असंही. म्हणजे वर्षभर जो चेहरा ठेवणार आहात, तोच द्या.

घरी एकदा बघून घ्या

दिवसा मोठ्या खिडकीकडे तोंड करून उभे राहा. डोळ्यांच्या उंचीवर, चार-पाच फुटांवरून मित्राला फोटो काढू द्या, फिल्टर बंद. चमक, भांगाची रेघ, उडते केस, दाढीची कड, सगळं तिथेच कळतं. पासपोर्टसाठी ही तालीम जास्त कामाची, कारण मोठ्यांचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रातच, काउंटरवर काढतात. तिथे आरसा मिळेलच असं नाही. कंगवा आणि टिश्यू खिशात ठेवा, टोकन नंबर लागण्याआधी वापरा. तो फोटो दहा वर्षं तुमच्यासोबत असणार आहे.

मित्राचा दुसरा फोटो स्क्रीनवर आला तेव्हा कोपरे होते तिथेच होते. केस तेवढेच, फक्त चमक नव्हती, पुंजके नव्हते, जबडा स्पष्ट होता. तो बराच वेळ बघत राहिला. काकांनी विचारलं, “काही एडिट करायचंय?”

“नको,” तो म्हणाला, “हा मीच आहे.”

परत येताना कॅप त्याच्या बॅगेत होती. केस दबू नयेत म्हणून, असं त्याचं म्हणणं.